बँकेने बसवलेला संचालक कोणाचा? नॉमिनी डायरेक्टरचा प्रश्न पायरीपायरीने सोडवताना

पांढरकवड्याच्या आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी कंपनी कायद्याची उजळणी असते. एलएल.बी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं येतात, दोघी-तिघी कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास करणाऱ्याही असतात. मागच्या महिन्यात नॉमिनी डायरेक्टरवरचा प्रश्न सोडवायला दिला, तर बहुतेकांनी एका ओळीत निकाल लावला होता. एक जण उभा राहून म्हणाला, "सर, त्याले पगार बँक देते. मंग तो बँकेचंच ऐकन ना?" त्याच्या शेजारच्या मुलीने नेमकं उलट लिहिलं होतं: नॉमिनीने बँकेच्या विरोधातच मत दिलं पाहिजे.

दोघांनाही गुण कमी पडले असते आणि दोघांचीही चूक एकच होती. 'कोणाच्या बाजूने' हा प्रश्न त्यांनी संपूर्ण माणसाला लावला. तो लावायचा असतो एकेका ठरावाला.

आधी प्रश्न वाचा. मी आपल्या भागातला धंदा घेतला आहे, कारण पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो हे डोळ्यासमोर असलं की कायदा लावणं सोपं जातं.

"यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीने (पब्लिक कंपनी, शेअर बाजारात नोंद नाही) बँकेकडून ३ कोटींचे मुदत कर्ज घेतले. तारण फक्त यंत्रसामग्रीचे आहे. कर्जकरारानुसार व आर्टिकल्सनुसार बँकेला एक संचालक नेमता येतो. बँकेचे अधिकारी 'न' त्यानुसार संचालक मंडळावर आहेत. ३१ ऑक्टोबरचा ४५ लाखांचा हप्ता थकला आहे. १२ जानेवारीला मंडळाची बैठक आहे. रुईच्या गाठी विकून आलेले १ कोटी ८० लाख रुपये खात्यात आहेत आणि शेतकऱ्यांचे कापसाचे चुकारे १ कोटी ४० लाख देणे आहेत. बँकेने 'न' यांना लेखी कळवले: (१) सर्व १ कोटी ८० लाख कर्जखात्यात भरण्याचा ठराव करून घ्या, (२) याच जुन्या कर्जापोटी कंपनीच्या मोकळ्या गोदामाच्या जागेचे गहाण मंजूर करून घ्या, (३) कंपनीचा मोठा ग्राहक खरेदी थांबवणार असल्याचे बैठकीत कळले तर आम्हाला लगेच सांगा. 'न' यांनी काय करावे?"

पहिली पायरी: पेन उचलण्याआधी वाचन

पहिली तीन-चार मिनिटं नुसती वाचनाला द्या. या प्रश्नात तीन वेगवेगळे मुद्दे आहेत: मतदान, हितसंबंध आणि गोपनीयता. तिन्हींना एकच उत्तर चालत नाही, म्हणून कच्च्या कागदावर ते वेगळे करून घ्या.

मग तारखा मोजा. ३१ ऑक्टोबरपासून १२ जानेवारीपर्यंत ७३ दिवस होतात. मुदत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए होतं. ती वेळ जानेवारीच्या शेवटी येते. बँकेची घाई का आहे, ते इथे कळतं. पण ही घाई शांत करायला किती रक्कम लागते? थकलेले ४५ लाख आणि त्यावरचं देय व्याज. १ कोटी ८० लाख लागत नाहीत. प्रश्न बनवणाऱ्याने दोन्ही आकडे मुद्दाम दिले आहेत आणि उत्तराचा गाभा त्यांच्यामधल्या फरकात आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे तारण. प्रश्नात 'फक्त यंत्रसामग्री' असं लिहिलं आहे. आपल्याकडच्या जिनिंगला कॅश क्रेडिट असतं तेव्हा कापूस, रुई, सरकी आणि येणं रक्कम हे सगळं बहुधा बँकेकडे हायपोथिकेट असतं आणि गाठींच्या विक्रीचा पैसा त्याच खात्यातून फिरवावा लागतो. तसं असतं तर १ कोटी ८० लाखांवर बँकेचा करारानुसार हक्क आला असता आणि पहिल्या मुद्द्याचं उत्तर बदललं असतं. इथे तसं नाही. हे एका वाक्यात उत्तरात लिहा. एवढ्यावरून परीक्षकाला कळतं की तुम्ही प्रश्न पाठ केलेल्या उत्तरावर बसवला नाही, नीट वाचला.

दुसरी पायरी: नियम, पण थोडक्यात

इथे मुलं दोन पानं भरतात. खरं तर अर्धं पान पुरतं.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६१(३) नुसार आर्टिकल्सच्या अधीन राहून मंडळाला करारानुसार एखाद्या संस्थेने सुचवलेली व्यक्ती संचालक म्हणून नेमता येते. कलम १४९(७) च्या स्पष्टीकरणात नॉमिनी डायरेक्टरची व्याख्या आहे आणि त्यात 'तिच्या हिताचं प्रतिनिधित्व करण्यासाठी' अशा अर्थाचे शब्द आहेत. हे शब्द टाळू नका. बँकेच्या बाजूचा सगळ्यात सबळ मुद्दा तोच आहे. बँकेच्या हिताकडे लक्ष ठेवायला 'न' तिथे बसले आहेत हे कायद्यालाही मान्य आहे.

पण संचालकाची कर्तव्यं सांगणारं कलम १६६ सगळ्या संचालकांना सारखंच लागू होतं. नॉमिनीसाठी त्यात वेगळं पोटकलम नाही. १६६(२) नुसार सद्भावनेने कंपनीच्या, तिच्या सभासदांच्या, कामगारांच्या आणि समाजाच्या हितासाठी वागायचं. १६६(३) नुसार स्वतंत्र निर्णयबुद्धी वापरायची. १६६(४) नुसार कंपनीच्या हिताशी टक्कर होईल अशा हितसंबंधाच्या स्थितीत पडायचं नाही. उल्लंघनाला १ लाख ते ५ लाखांपर्यंत दंड आहे.

म्हणजे बँकेचं हित पाहायला परवानगी आहे, पण ते कंपनीच्या हिताच्या वर ठेवायला नाही. हे वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहा आणि त्याला दोन निकालांचा आधार द्या.

पहिला स्कॉटिश को-ऑपरेटिव्ह होलसेल सोसायटी विरुद्ध मेयर, हाउस ऑफ लॉर्ड्स, १९५८. तोही कापडाच्या धंद्यातलाच आहे. सोसायटीने रेयॉनचं कापड बनवणारी उपकंपनी काढली आणि तिच्या पाच संचालकांपैकी तीन स्वतःचे बसवले. पुढे गरज संपल्यावर सोसायटीने उपकंपनीचा मालपुरवठा आटवून धंदा मरू दिला आणि तिचे तीन नॉमिनी गप्प बसले. लॉर्ड डेनिंग यांनी त्यांच्या गप्प बसण्यावरच बोट ठेवलं. कंपनीचा धंदा वाचवायला काहीच न करणं हीसुद्धा कर्तव्यातली कसूर आहे. 'मी मतदानच केलं नाही' ही पळवाट या निकालामुळे बंद होते. आपल्या प्रश्नात त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

दुसरा कुवेत एशिया बँक विरुद्ध नॅशनल म्युच्युअल लाइफ नॉमिनीज, प्रिव्ही कौन्सिल, १९९०. यात नॉमिनी बँकेचे नोकरच होते. कंपनीचे संचालक म्हणून काम करताना त्यांनी मालक बँकेचं हित आणि तिच्या इच्छा बाजूला ठेवल्या पाहिजेत, असं तिथे म्हटलं आहे. त्याच निकालानुसार नॉमिनीच्या निष्काळजीपणाची जबाबदारी केवळ त्याला नेमलं म्हणून बँकेवर येत नाही. 'न' यांनी हे लक्षात ठेवावं: बँकेच्या सांगण्यावरून चूक केली तरी ती त्यांच्या स्वतःच्या नावावर राहते.

हे दोन्ही निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, मार्गदर्शक आहेत, असं स्पष्ट लिहा. भारतातला निकाल हवा असेल तर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध सायरस इन्व्हेस्टमेंट्स (सर्वोच्च न्यायालय, २०२१) घ्या, पण जपून. धर्मादाय ट्रस्टने नेमलेल्या संचालकाचं ट्रस्टशी आणि त्याच्या लाभार्थींशीही विश्वासाचं नातं असतं, असं त्यात म्हटलं आहे. बँकेच्या बाजूने युक्तिवाद करायला तो कामी येतो. पण बँक म्हणजे ट्रस्ट नव्हे आणि कलम १६६ कुठेही गेलेलं नाही. हे दोन्ही लिहिलंत तर निकाल नुसता पाठ नाही, समजलेला आहे हे दिसतं.

तिसरी पायरी: पैशाचा ठराव

आता कायदा बाजूला ठेवा आणि जिनिंगच्या फाटकाशी या. १७० किलोची एक गाठ बांधायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. दिवसाला शंभर गाठी बांधणाऱ्या जिनिंगला रोज पाचशे क्विंटल आवक हवी. जानेवारी हा भर हंगाम. ज्या जिनिंगचे चुकारे थकले, तिच्या फाटकावरून शेतकरी गाडी परत फिरवतो आणि दुसरीकडे नेतो. आठवडाभर आवक तुटली की प्रेस थंड, हमाल घरी आणि पुढच्या गाठींचा पैसा बंद.

म्हणून सगळे १ कोटी ८० लाख बँकेला दिले तर कंपनीचा हंगाम तिथेच संपण्याचा धोका आहे. बँकेचा संबंध नसलेला एखादा प्रामाणिक, समजूतदार संचालक या ठरावाला मत देईल का? हीच कसोटी आहे. चार्टरब्रिज विरुद्ध लॉइड्स बँक या इंग्लिश खटल्यात अशीच कसोटी मांडली आहे: कंपनीच्या संचालकाच्या जागी बसलेल्या शहाण्या, प्रामाणिक माणसाला हा व्यवहार कंपनीच्या फायद्याचा आहे असं वाजवीपणे वाटू शकलं असतं का? इथे उत्तर 'नाही' येतं.

पण इथेच थांबू नका. माझ्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं तसं सगळे पैसे चुकाऱ्यांना आणि बँकेला शून्य हेही कंपनीच्या हिताचं नाही. खातं एनपीए झालं तर पुढचं कर्ज महाग होतं किंवा मिळतच नाही आणि बँकेला वसुलीची कारवाई सुरू करता येते. म्हणजे थकलेला हप्ता भरणं ही कंपनीचीही गरज आहे. इथे दोन्ही कर्तव्यं एकाच दिशेला जातात आणि 'न' यांना मनापासून बाजू मांडायला जागा मिळते.

हिशेब लिहून दाखवा. ४५ लाख हप्त्याला, उरतात १ कोटी ३५ लाख. चुकारे १ कोटी ४० लाख. कमी पडतात ५ लाख आणि हप्त्यावरचं थकीत व्याज. एवढी रक्कम पुढच्या गाठींच्या विक्रीतून भागवायची. किंवा ९० दिवस पुरे व्हायला अजून दोन आठवडे आहेत, म्हणून आधी चुकारे पूर्ण द्यायचे, हप्त्यापैकी उरलेले ४० लाख आज भरायचे आणि बाकीची रक्कम २५ जानेवारीपर्यंत. दुसरा पर्याय मला जास्त पटतो, कारण त्यात फाटकावरची आवक तुटत नाही. पण त्यातला धोकाही सांगा: पुढची विक्री लांबली तर खातं थोडक्या रकमेसाठी एनपीए होईल. परीक्षेत कोणताही पर्याय चालतो. त्यामागचं कारण कंपनीच्या हितातून आलेलं असलं म्हणजे झालं.

इथे 'न' यांनी बाहेर बसायचं का? माझं स्पष्ट मत, नाही. मेयर खटल्यातल्या संचालकांसारखं गप्प बसून ठराव होऊ देणं ही सुटका नाही. बँकेचं पत्र मंडळासमोर ठेवावं, सगळी रक्कम भरण्याच्या ठरावाच्या विरोधात मत द्यावं आणि वर सांगितलेला पर्याय स्वतः मांडावा. विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्यावा. कलम ११८ नुसार विरोध करणाऱ्या संचालकाचं नाव इतिवृत्तात येतंच. पुढे कलम १४९(१२) खाली जबाबदारीचा प्रश्न आला तर 'मंडळाच्या कामकाजातून मला माहीत होतं, पण माझी संमती नव्हती आणि मी काळजीपूर्वक वागलो' हे सांगायला ही नोंद लागते.

चौथी पायरी: गहाणाचा ठराव

इथे मुलांचा हात आपोआप कलम १८४ कडे जातो: "हितसंबंधी संचालक, मत देता येत नाही." थांबा आणि कलम उघडा. १८४(२) मध्ये दुसऱ्या कंपनीशी होणाऱ्या कराराबाबत अट अशी आहे की संचालकाकडे त्या संस्थेचे २ टक्क्यांहून जास्त शेअर असावेत (एकट्याने किंवा इतर संचालकांसोबत मिळून) किंवा तो तिचा प्रवर्तक, व्यवस्थापक किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी असावा. यातला 'व्यवस्थापक' म्हणजे कंपनीचा जवळजवळ सगळा कारभार पाहणारा माणूस; शाखेचा मॅनेजर त्यात बसत नाही. बँकेचा साधा अधिकारी असलेले 'न' म्हणूनच १८४(२) च्या शब्दांत बहुधा बसत नाहीत. १८४(१) खाली मात्र बँकेशी असलेला संबंध एमबीपी-१ फॉर्ममध्ये जाहीर करायलाच हवा. आणि १६६(४) चा आवाका १८४ पेक्षा मोठा आहे. कराराच्या टेबलावर दुसऱ्या बाजूला त्यांचा मालक बसला आहे, एवढं तिथे पुरतं. म्हणून या ठरावाच्या चर्चेतून आणि मतदानातून बाहेर राहणंच योग्य.

मग मागच्या ठरावात मत द्या म्हटलं आणि इथे बाहेर राहा, हे विसंगत नाही का? वर्गात हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या ठरावात कंपनी आपला पैसा कोणत्या देण्याला आधी लावायचा ते ठरवते, आणि 'न' तिथे कंपनीच्या बाजूने बोलायला मोकळे आहेत. गहाणात कंपनी आणि बँक समोरासमोर बसून अटी ठरवतात. एकच माणूस दोन्ही बाजूंनी घासाघीस करू शकत नाही.

बाहेर जाण्याआधी एक प्रश्न मात्र त्यांनी मंडळाला विचारायलाच हवा: या गहाणाच्या बदल्यात कंपनीला काय मिळतं? हप्त्यांची फेरमांडणी, व्याजात सूट, नवी मर्यादा, यातलं काही मिळत असेल तर गहाण कंपनीच्या फायद्याचं ठरू शकतं. जुन्याच कर्जापोटी नवा पैसा न देता नवं तारण, एवढंच असेल तर धोका आहे. दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ४३ नुसार कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, तर त्याआधीच्या एका वर्षात (संबंधित पक्ष असेल तर दोन वर्षांत) जुन्या देण्यापोटी एखाद्या धनकोला इतरांहून सरस स्थितीत नेणारा व्यवहार उलटवता येतो. धंद्याच्या नेहमीच्या ओघात दिलेले पैसे त्यातून वगळलेले आहेत. शेतकऱ्यांचे चुकारे त्या सवलतीत सहज बसतात. असं गहाण तिथे बसवणं फार कठीण आहे.

कंपनी बुडण्याच्या काठावर असेल तर आणखी एक परिच्छेद जोडा. अशा वेळी संचालकाने धनकोंच्या हिताचा विचार करावा, असं बीटीआय विरुद्ध सेक्वाना (ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय, २०२२) सांगतं आणि आपल्याकडे संहितेचं कलम ६६(२) त्याच वाटेने जातं. विद्यार्थी इथे हमखास घसरतात: "म्हणजे आता बँकेचं हित पाहायचं!" नाही. हित पाहायचं सगळ्या धनकोंचं, एकत्र. त्यात चुकारे थकलेला शेतकरीही आला.

पाचवी पायरी: बैठकीतली माहिती

समजा, कंपनीचा मोठा ग्राहक असलेली गिरणी खरेदी थांबवणार, हे 'न' यांना संचालक म्हणून कळलं. ती माहिती कंपनीची आहे. कलम १६६ मध्ये 'गोपनीयता' हा शब्द नाही, पण विश्वासाच्या नात्यातून ते कर्तव्य येतंच. मंडळाच्या परवानगीशिवाय ती बँकेला देता येत नाही.

बँक मग आंधळीच राहणार का? नाही. कर्जकरारात बहुधा माहिती मागण्याचा हक्क असतो: ठराविक काळाने आर्थिक पत्रकं, मोठा बदल झाल्यास कळवण्याची अट. माहिती त्या वाटेने, कंपनीकडून बँकेला जावी. 'न' यांनी बैठकीतच म्हणावं की करारातल्या अटीनुसार आपण ही बाब बँकेला कळवायला हवी, सेक्रेटरींनी पत्र पाठवावं. मंडळाने नकार दिला तर? तरीही फोन उचलून बँकेला सांगायचं नाही. करारभंग होत असल्याचा इशारा मंडळाला द्यायचा, तो नोंदवायचा, आणि बँकेत या खात्यावर निर्णय घेणाऱ्या समितीत स्वतः बसायचं नाही.

बँकेच्या पत्राला ते काय उत्तर देतील, हे दोन ओळींत लिहून दाखवा. मी वर्गात असं लिहून घेतलं: "थकीत हप्ता वेळेत भरला जावा ही बाजू मी मंडळात मांडली आहे. इतर सूचनांवर संचालक म्हणून मला स्वतंत्र निर्णय घेणे भाग आहे. मंडळातील माहिती कृपया करारातील कलमानुसार कंपनीकडून मागवावी." यावर बँक त्यांना परत बोलावून दुसरा माणूस पाठवू शकते. तो तिचा हक्क आहे. पण मंडळावर बसलेल्या माणसाचं मत ती विकत घेऊ शकत नाही.

उत्तर लिहिताना

बारा गुणांच्या प्रश्नाला वीस-बावीस मिनिटं मिळतात. निष्कर्ष पहिल्याच परिच्छेदात टाका: ठराव एकला विरोध आणि पर्यायी ठराव, ठराव दोनमध्ये हितसंबंध जाहीर करून बाहेर, तिसऱ्या सूचनेला नकार. मग नियम अर्ध्या पानात आणि उरलेली सगळी जागा तथ्यं लावण्याला. वेळ संपत आली तर निकालांची नावं गाळा, पण ४५ लाख आणि १ कोटी ८० लाखांमधला फरक गाळू नका.

तथ्यं बदलून विचारलं तर हात कुठे फिरवायचा तेही पाहून ठेवा. कंपनी प्रायव्हेट असेल तर हितसंबंध जाहीर केल्यावर १८४(२) च्या ठरावात भाग घ्यायला २०१५ च्या अधिसूचनेने मुभा दिली आहे. १६६(४) मात्र तसंच राहतं. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर गिरणीची बातमी बाहेर देणं सेबीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांत जातं. आणि आर्टिकल्समध्येच 'नॉमिनीने बँकेच्या सूचनेप्रमाणे मत द्यावे' असं लिहिलेलं असेल तर? आर्टिकल्सप्रमाणे वागणं हेही १६६(१) चं कर्तव्य आहे, म्हणून हा प्रश्न खरंच अवघड आहे. पण १६६(१) ची सुरुवातच 'या कायद्याच्या तरतुदींच्या अधीन' अशी आहे आणि कलम ६ नुसार कायद्याशी विसंगत आर्टिकल्स तेवढ्यापुरते टिकत नाहीत. 'त्याले पगार बँक देते' म्हणणाऱ्या त्या मुलाने पुढच्या रविवारी नेमका हाच मुद्दा काढला आणि कलम ६ स्वतः शोधून आणलं होतं.